छतावरचा पाऊस लिटरमध्ये कसा मोजावा? मिलिमीटरपासून हौदातील पाण्यापर्यंतचा हिशेब

पावसाचा आकडा आपल्याला मिलिमीटरमध्ये मिळतो, टाकी मात्र आपण लिटरमध्ये विकत घेतो. फवारणीचे, जनावरांचे आणि घरगुती पाणीही आपण लिटरमध्येच मोजतो. ‘काल ३० मि.मी. पाऊस झाला’ म्हटल्यावर गोठ्याच्या पत्र्यावरून किती पाणी वाहून गेले, हे त्या आकड्यावरून लगेच लक्षात येत नाही. मिलिमीटरचे लिटर करणे सोपे आहे. चुका होतात त्या छताचे क्षेत्रफळ घेताना, वाया जाणारे पाणी वजा करताना आणि हंगामाच्या एकूण पावसावरून टाकीचा अंदाज बांधताना.

या लेखात हा हिशेब टप्प्याटप्प्याने केला आहे. उदाहरण सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील, म्हणजे तासगाव, कवठेमहांकाळ, जत या पट्ट्यातील द्राक्ष बागायतदाराचे घेतले आहे. या पट्ट्यात पाऊस कमी आणि बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. अशा ठिकाणी फळछाटणीनंतरच्या फवारण्यांसाठी छतावरचे पाणी साठवून ठेवता येईल का, आणि त्यासाठी हौद केवढा हवा, हा प्रश्न आपण सोडवणार आहोत.

१ मि.मी. पाऊस म्हणजे किती पाणी?

पाऊस १ मि.मी. झाला याचा अर्थ, पडलेले पाणी वाहून गेले नाही, मुरले नाही आणि सुकले नाही, तर सपाट जागेवर त्याचा १ मि.मी. उंचीचा थर साचेल. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर असा थर साचला, तर ते पाणी बरोबर १ लिटर भरते. पडताळून पाहायचे असेल तर १०० सें.मी. × १०० सें.मी. × ०.१ सें.मी. असा गुणाकार करा. उत्तर १,००० घन सें.मी., म्हणजेच १ लिटर येते.

म्हणून मूळ सूत्र असे आहे:

छतावर पडलेले पाणी (लिटर) = क्षेत्रफळ (चौरस मीटर) × पाऊस (मि.मी.)

आपल्याकडे बांधकामाचे माप फुटांत असते. चौरस फुटांना १०.७६ ने भागले की चौरस मीटर मिळतात. गुंठ्याच्या भाषेत हा हिशेब लक्षात ठेवायला अधिक सोपा जातो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. त्यामुळे एक गुंठा छतावर १ मि.मी. पाऊस पडला की सुमारे १०० लिटर पाणी पडते, असे तोंडी धरायला हरकत नाही. अर्ध्या गुंठ्याच्या घरावर २० मि.मी.ची सर आली, तर साधारण १,००० लिटर पाणी पडले. कागद-पेन नसताना एवढा अंदाज पुरेसा आहे.

छताचे क्षेत्रफळ जमिनीवर मोजावे

उतरत्या पत्र्याच्या शेडमध्ये अनेक जण पत्र्यांची लांबी-रुंदी गुणून क्षेत्रफळ काढतात. या हिशेबासाठी ते चुकीचे आहे. पाऊस वरून खाली पडतो, त्यामुळे छत जमिनीवरची जेवढी जागा झाकते, तेवढ्याच जागेचा पाऊस ते गोळा करते. पत्रा तिरपा लावल्याने त्याची लांबी वाढते, पण पाऊस वाढत नाही.

फरक किती पडतो ते पाहू. एका शेडची एका वळचणीपासून दुसऱ्या वळचणीपर्यंतची रुंदी ८ मीटर आणि लांबी १५ मीटर आहे. जमिनीवरचे क्षेत्रफळ १२० चौरस मीटर झाले. उतार १५ अंशांचा असेल तर पत्र्यांचे क्षेत्रफळ १२४ चौरस मीटर भरते, म्हणजे फरक किरकोळ आहे. उतार ३० अंशांचा असेल तर मात्र पत्रे १३८ चौरस मीटरपेक्षा जास्त लागतात. पत्र्यांवरून हिशेब केला तर पाणी सुमारे १५ टक्के जास्त दिसेल आणि तेवढे पाणी हौदात कधीच येणार नाही.

मोजताना टेप भिंतीला लावू नये. वळचण भिंतीच्या बाहेर जेवढी पुढे आली आहे, तेवढ्या भागावरही पाऊस पडतो. वळचणीच्या टोकाखाली जमिनीवर खुणा करून त्या खुणांमधील अंतर मोजावे. दुपाखी छताला एकाच बाजूला पन्हळ बसवली असेल, तर फक्त त्या बाजूचे क्षेत्रफळ धरावे. आढ्याच्या पलीकडे पडणारे पाणी आपल्या हौदाकडे येत नाही, हे हिशेबात बरेचदा विसरले जाते.

पडलेले सगळे पाणी हौदात येत नाही

पत्रा तापलेला असतो, तो ओला होण्यातच काही पाणी जाते. काही शिंतोडे उडून बाहेर पडतात, काही पन्हळीच्या सांध्यांतून गळते, तर काही वाऱ्याने वळचणीबाहेर जाते. म्हणून पडलेल्या पाण्याला एका गुणांकाने गुणावे लागते. याला अपधाव गुणांक म्हणतात. लोखंडी किंवा रंगीत पत्र्यासाठी तो साधारण ०.८ ते ०.९ धरतात. सिमेंट काँक्रीटच्या सपाट छतावर पाणी खड्ड्यांत थांबते आणि थोडे शोषलेही जाते, त्यामुळे तेथे तो बहुधा ०.७ ते ०.८५ असतो. कौलारू छतासाठी ०.७५ च्या आसपास धरावा. गवती छपराचा गुणांक फार कमी असतो आणि पाण्याला रंग व वासही येतो, त्यामुळे साठवणुकीसाठी असे छत घेऊ नये.

दुसरी वजावट पहिल्या पाण्याची. पावसाची सर सुरू झाली की छतावरची धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि पाला आधी वाहून येतो. हे पाणी हौदात जाऊ द्यायचे नसते. साध्या शेडसाठी दर चौरस मीटरमागे अर्धा लिटर पाणी सोडावे, म्हणजेच पहिला अर्धा मि.मी. पाऊस बाहेर काढावा. झाडाखालच्या किंवा कच्च्या रस्त्यालगतच्या छताला याच्या दुप्पट सोडावे लागते. हे पाणी अडवण्यासाठी उतरत्या पाईपला खाली झाकण असलेला उभा तुकडा जोडतात. आधी तो तुकडा भरतो आणि मग स्वच्छ पाणी हौदाकडे वळते. सहा इंची पाईपच्या एक मीटर लांबीत सुमारे १८ लिटर पाणी मावते, त्यावरून किती लांब तुकडा लागेल ते काढता येते. पाऊस थांबल्यावर हा तुकडा रिकामा केला नाही, तर पुढच्या सरीची घाण थेट हौदात जाते.

या वजावटींमुळे एक गोष्ट घडते. पावसाची बेरीज सारखी असली तरी तो कसा पडला यावर हौदातील पाणी ठरते. समजा छत १११.५ चौरस मीटरचे आहे, गुणांक ०.८५ आहे आणि प्रत्येक वेळी ५६ लिटर पहिले पाणी सोडले जाते. एकाच दिवशी २० मि.मी. पाऊस झाला तर हौदात सुमारे १,८४० लिटर येतात. हाच २० मि.मी. पाऊस दोन-दोन मि.मी.च्या दहा वेगवेगळ्या दिवशीच्या सरींनी पडला, तर कागदावरच १,३३५ लिटर उरतात. प्रत्यक्षात तेवढेही येत नाहीत, कारण दर वेळी कोरडा पत्रा नव्याने भिजतो. म्हणून २ मि.मी.पेक्षा कमी पावसाचे दिवस हिशेबात धरू नयेत.

पावसाचा आकडा कोठून घ्यावा?

कृषी विभागाच्या maharain.maharashtra.gov.in या संकेतस्थळावर पावसाची नोंद पाहता येते. महावेध प्रकल्पात महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित हवामान केंद्रे बसवली आहेत. हंगामाचा अंदाज बांधण्यासाठी हे आकडे उपयोगी आहेत. एखाद्या सरीचा हिशेब करायचा असेल तर मात्र त्यांवर विसंबू नये. आपल्या पूर्व भागात बराच पाऊस वळवाचा किंवा गडगडाटी असतो. मंडळाच्या केंद्रावर ४० मि.मी. नोंदले गेले आणि चार किलोमीटरवरच्या शिवारात जमीनही नीट भिजली नाही, असे होऊ शकते.

तारखेचीही एक गंमत आहे. हवामान खात्याच्या पद्धतीत सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस हा आधीच्या चोवीस तासांचा असतो. म्हणजे शनिवारी संध्याकाळी झालेला पाऊस रविवारच्या नोंदीत दिसतो. आपल्या वहीतील तारीख आणि सरकारी नोंदीतील तारीख जुळत नाही असे वाटले, तर आधी हे तपासावे.

सगळ्यात चांगले म्हणजे शेडजवळ मोकळ्या जागेत स्वतः पाऊस मोजावा. पर्जन्यमापक नसेल तर सरळ उभ्या भिंतींचा स्टीलचा डबा चालतो. सर थांबल्यावर डब्यात पट्टी उभी धरून पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये वाचावी. बादली वापरत असाल तर पट्टी लावू नका. बादली खाली निमुळती असते, त्यामुळे तळात पाण्याची उंची जास्त दिसते आणि पाऊस फुगवून नोंदला जातो. अशा भांड्यातील पाणी मापाने मोजावे आणि भांड्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळाने भागावे. उदाहरणार्थ, तोंडाचा आतला व्यास २० सें.मी. असेल तर तोंडाचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सें.मी. होते. भांड्यात ६९० मि.लि. पाणी जमले, तर ६९० ÷ ३१४ = २.२ सें.मी., म्हणजे २२ मि.मी. पाऊस झाला. भांडे झाडापासून आणि भिंतीपासून दूर ठेवावे. वळचणीखाली ठेवलेले भांडे पागोळ्यांचे पाणी मोजते, पाऊस मोजत नाही.

उदाहरण: दोन एकर द्राक्षबागेच्या फवारणीचे पाणी

समजा, बागेजवळ ५० फूट × २४ फूट मापाचे दुपाखी पत्र्याचे शेड आहे. हे माप वळचणीपासून वळचणीपर्यंतचे आहे आणि दोन्ही बाजूंना पन्हळ बसवली आहे.

क्षेत्रफळ १,२०० चौरस फूट, म्हणजे १११.५ चौरस मीटर. एक मि.मी. पावसात छतावर १११.५ लिटर पाणी पडते. ०.८५ गुणांकाने त्यातील सुमारे ९५ लिटर खाली येतात. हा ‘मिलिमीटरमागे ९५ लिटर’ आकडा शेडच्या भिंतीवर लिहून ठेवावा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर चालतो.

आता गरज पाहू. फळछाटणीनंतर फवारणीचे पाणी काडीची वाढ आणि पानोळा यानुसार बदलते. सरासरी एकरी ३०० लिटर आणि हंगामात २५ फवारण्या धरल्या, तर दोन एकरांना १५,००० लिटर पाणी लागेल. आपल्या बागेचा आकडा आपल्या मागील वर्षाच्या फवारणी वहीतून घ्यावा.

हे पाणी छतावरचेच का, याचे कारण साधे आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट जास्त असले की त्याचा सामू वाढलेला राहतो. अशा पाण्यात काही औषधे टाकीतच विघटित होऊ लागतात. कॅप्टनसारखे बुरशीनाशक सामू ८ च्या वर असलेल्या पाण्यात फार वेळ टिकत नाही. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे ही अडचण येत नाही.

आता पुरवठा पाहू. हिशेबासाठी जून ९० मि.मी., जुलै ८०, ऑगस्ट ९०, सप्टेंबर १५० आणि ऑक्टोबर ६० असा पाऊस धरू. एकूण ४७० मि.मी. झाला. याला ९५ ने गुणले तर ४४,६५० लिटर येतात. गरज १५,००० लिटरची आहे, म्हणजे पाणी तिप्पट दिसते. येथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. हे पाणी पाच महिन्यांत थोडे थोडे पडते, तर फवारणीला ते ऑक्टोबरपासून पुढे लागते. सप्टेंबर संपताना हौदात जेवढे मावेल तेवढेच आपले, बाकीचे ओसंडून गेलेले असेल. ५,००० लिटरची टाकी असेल तर ४४,६५० या आकड्याचा काही उपयोग नाही. आपल्या हातात ५,००० लिटरच राहतात.

म्हणून १५,००० लिटरचा बंद हौद धरू. आतून लांबी ३ मीटर, रुंदी २.५ मीटर आणि ओसंडा-पाईपपर्यंत पाण्याची उंची २ मीटर. या हौदात १ सें.मी. उंचीला ७५ लिटर पाणी असते.

हा हौद केव्हा भरेल? आपल्या पट्ट्यात सप्टेंबर हा बहुधा सर्वाधिक पावसाचा महिना असतो. उदाहरणातील १५० मि.मी.चे १४,२५० लिटर होतात. आठ वेळा पहिले पाणी सोडले असे धरून सुमारे ४५० लिटर वजा केले, तर १३,८०० लिटर उरतात. याचा अर्थ, चांगल्या वर्षी ऑगस्टअखेर हौद जवळजवळ रिकामा असला तरी सप्टेंबरचा पाऊस तो भरून काढतो. जून ते ऑगस्टचे पाणी खरीप पिकांच्या फवारणीला किंवा गोठा धुण्याला खुशाल वापरता येते.

वाईट वर्षाचा हिशेब वेगळा आहे. सप्टेंबरमध्ये निम्माच, म्हणजे ७५ मि.मी. पाऊस झाला, तर ७,१२५ लिटर होतात. पाच वेळा पहिले पाणी सोडल्यास सुमारे ६,८५० लिटर हौदात येतील. १५,००० लिटर पूर्ण करायचे तर उरलेले ८,१५० लिटर ऑगस्टअखेर हौदात असायला हवेत. ७५ ने भागले तर ही उंची साधारण १०९ सें.मी. येते. म्हणून हौदाच्या आतल्या भिंतीवर तळापासून ११० सें.मी.वर रंगाने रेघ ओढावी आणि ऑगस्टच्या मध्यानंतर पाणी त्या रेघेखाली जाऊ देऊ नये. त्याआधी वरचे पाणी वापरण्यात काही नुकसान नाही, उलट पुढच्या सरीसाठी जागा होते.

ऑक्टोबरचा ६० मि.मी. पाऊस या हिशेबात मुद्दाम धरलेला नाही. तो झाला तर फवारणीने रिकाम्या झालेल्या जागेत येईल. पण त्या महिन्याचा पाऊस अगदी बेभरवशाचा असतो, आणि तो झाला तर डाऊनीच्या धोक्यामुळे फवारण्याही वाढतात. त्या भरवशावर हौद लहान बांधू नये.

हिशेब बरोबर आहे का, हे हौदच सांगतो

०.८५ हा गुणांक पुस्तकातला आहे. आपल्या शेडचा गुणांक दोन-चार सरींमध्ये स्वतः काढता येतो. पावसाआधी आणि पावसानंतर हौदातील पाण्याची उंची काठीने मोजायची, दरम्यान पाणी वापरायचे नाही आणि हौद ओसंडत नाही ना हे पाहायचे. उदाहरणातील शेडवर तीन सरींची नोंद अशी आली असे समजू.

पहिली सर ३ मि.मी.ची. छतावर ३३४ लिटर पडले आणि हौद २ सें.मी. वाढला, म्हणजे १५० लिटर आले. निम्मेसुद्धा नाही. लहान सरीत हे नेहमीचे आहे, कारण ५६ लिटर पहिल्या पाण्यात गेले आणि बाकीचे पत्रा भिजण्यात. यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही.

दुसरी सर २२ मि.मी.ची, दोन तास संथ पडलेली. छतावर २,४५३ लिटर पडले. गुणांक आणि पहिले पाणी धरून सुमारे २,०३० लिटर अपेक्षित होते. हौद २६ सें.मी. वाढला, म्हणजे १,९५० लिटर आले. अंदाज आणि हौद जवळजवळ जुळले. पन्हळ, सांधे आणि पाईप ठीक आहेत.

तिसरी सर ४८ मि.मी.ची, पाऊण तासात कोसळलेली. छतावर ५,३५२ लिटर पडले, अपेक्षा सुमारे ४,५०० लिटरची होती. हौद फक्त ४४ सें.मी. वाढला, म्हणजे ३,३०० लिटर आले. जवळपास १,२०० लिटर कमी पडले.

संथ पावसात हिशेब जुळतो आणि जोराच्या पावसात तुटतो, तेव्हा दोष पन्हळीत असतो. या सरीत मिनिटाला सुमारे १.१ मि.मी. पाऊस होत होता. म्हणजे प्रत्येक बाजूच्या पन्हळीला मिनिटाला साधारण ६० लिटर, चार बादल्या पाणी वाहून न्यायचे होते. अशा वेळी पावसातच उभे राहून पाहावे. पन्हळ मध्येच ओसंडत असेल तर ती तेथे झुकलेली आहे. दर १० फुटांना साधारण १ इंच उतार मिळेल असे आधार पुन्हा बसवावेत. पन्हळ पाईपच्या तोंडाशी ओसंडत असेल तर तोंडात पाला अडकला आहे किंवा पाईप बारीक आहे. पाणी पन्हळीवरून उडी मारून पुढे पडत असेल, तर पत्र्याचे टोक पन्हळीच्या फार पुढे आले आहे किंवा पन्हळीची बाहेरची कड बुटकी आहे.

लहान-मोठ्या सगळ्याच सरींमध्ये पाणी सारख्या प्रमाणात कमी येत असेल, तर क्षेत्रफळ पुन्हा मोजावे. एखादी बाजू जोडलेलीच नाही किंवा पत्र्याच्या मापावरून क्षेत्रफळ धरले आहे, असे बहुतेक वेळा निघते. अपेक्षेपेक्षा पाणी जास्त आले तर आनंद मानण्याआधी पर्जन्यमापकाची जागा तपासावी. तो झाडाच्या किंवा भिंतीच्या आडोशाला असेल तर पाऊस कमी नोंदला जातो. पाऊस नसताना हौदातील उंची घटत असेल तर गळती आहे. दोन कोरड्या दिवसांच्या अंतराने काठी लावली की ती कळते.

वापराआधी दोन गोष्टी

नव्या सिमेंटच्या हौदातील चुना पाण्यात उतरतो आणि पावसाच्या मऊ पाण्याचा सामू पटकन वाढतो. ज्या कारणासाठी हे पाणी साठवले, ते कारणच त्यामुळे नाहीसे होते. नवा हौद दोन-तीनदा भरून रिकामा करावा आणि फवारणीआधी सामू पट्टीने तपासावा. जून-जुलैचे पाणी यासाठी वापरावे, म्हणजे सप्टेंबरचे वाया जात नाही.

हौद पक्का झाकलेला असावा. झाकणामुळे बाष्पीभवन आणि शेवाळ दोन्ही रोखले जाते, डासही होत नाहीत. शेवाळ आले की फवारणी पंपाची गाळणी आणि नोझल तुंबतात. पाणी उपसण्याची नळी तळापासून १५ सें.मी. वर ठेवावी, म्हणजे तळाचा गाळ उचलला जात नाही. तेवढे तळाचे पाणी वापरता येत नाही. या हौदात १५ सें.मी. म्हणजे सुमारे १,१०० लिटर. हौदाची उंची ठरवताना ही भर आधीच घालावी. वर काढलेली गरज १५,००० लिटर पूर्ण वापरायची असेल, तर ओसंडा-पाईप २ मीटरऐवजी २.१५ मीटरवर घ्यावा आणि ११० सें.मी.ची रेघही तेवढीच वर सरकवावी.

गोठ्याच्या छतावरून आलेले पाणी फवारणीला आणि धुण्याला योग्य आहे. पिण्यासाठी ते गाळून व निर्जंतुक केल्याशिवाय वापरू नये.

आपल्या शेडचा हिशेब असा करा

१. वळचणीपासून वळचणीपर्यंत जमिनीवर लांबी-रुंदी मोजा. चौरस फुटांना १०.७६ ने भागा.
२. आलेल्या आकड्याला छताच्या गुणांकाने गुणा. पत्र्यासाठी सुरुवातीला ०.८५ धरा. हे आपले ‘मिलिमीटरमागे लिटर’.
३. ज्या महिन्यापासून पाणी लागणार आहे, त्याच्या आधीच्या महिन्याचा पाऊस या आकड्याने गुणा. निम्म्या पावसाचाही हिशेब करा.
४. प्रत्येक सरीमागे अर्धा मि.मी. पहिले पाणी वजा करा. २ मि.मी.पेक्षा लहान सरी सोडून द्या.
५. गरजेइतका हौद ठरवा, तळातील गाळाची उंची त्यात मिळवा, आणि वाईट वर्षी जेवढे कमी पडेल तेवढ्या उंचीवर रेघ ओढा.
६. पहिल्या हंगामात चार-पाच सरींना पाऊस आणि हौदाची उंची दोन्ही नोंदवा. पुढच्या वर्षी पुस्तकातील गुणांकाऐवजी स्वतःचा गुणांक वापरा.